जोत्याची उंची कोण ठरवतं?

पनवेलजवळ कारखाना उभारायचा तर जागेच्या अहवालातलं पूरधोक्याचं प्रकरण आधी वाचावं. माथेरानच्या डोंगरांकडून येणारी गाढी नदी पनवेलच्या खाडीला मिळते. डोंगरातला पाऊस झपाट्याने खाली येतो, आणि त्याच वेळी भरती असली तर पाणी खाडीत न शिरता मागे तुंबतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. असा पाऊस इथेही पडू शकतो, म्हणून अहवालात जुन्या पुरांच्या खुणा, भिंतींवरचे डाग आणि गावकऱ्यांच्या आठवणीही मोजून नोंदवतात.

पुढे ठरते संकल्प पूरपातळी. ‘शंभर वर्षांचा पूर’ म्हणजे शंभर वर्षांतून एकदाच येणारा नव्हे. दरवर्षी त्याची शक्यता एक टक्का असते. तीस वर्षांत तो किमान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के.

समजा, ही पातळी ५.२ मीटर आली. लाटा आणि अंदाजातली चूक यांसाठी ०.६ मीटर वाढवून जोतं ५.८ मीटरवर येतं. जमीन ४.१ मीटरवर असेल तर १.७ मीटर भराव हवा, म्हणजे एका हेक्टरला १७,००० घनमीटर.

घोटाळा होतो तो शून्याचा. मुंबईच्या भरतीच्या तक्त्यातलं शून्य सरासरी समुद्रपातळीच्या सुमारे अडीच मीटर खाली आहे, तर जमिनीची पातळी सरासरी समुद्रपातळीपासून मोजतात. तक्त्यातली ४.८ मीटरची भरती जमिनीच्या हिशेबात २.३ मीटरच. शिवाय भरावाने अडवलेलं पाणी शेजारच्या जागेत चढतं. त्याचीही गणना अहवालात हवी.