‘अरे, मस्करी केली!’

शाळासोबत्यांचं स्नेहसंमेलन. वीस वर्षांनी भेटलेल्या मित्राला एकानं दारातच गाठलं, ‘‘काय रे, चेहऱ्याचा पार मोदक झालाय! वहिनी खायला काय घालते?’’ सगळे हसले. मित्रही ‘‘हो ना’’ म्हणत हसला आणि पाणी प्यायच्या निमित्तानं बाजूला गेला. मूत्रपिंडाच्या विकारासाठी तो काही महिने स्टिरॉइडच्या गोळ्या घेत होता. त्यांच्या दुष्परिणामानं चेहरा गोल दिसू लागतो. मस्करी करणाऱ्याला हे ठाऊक नव्हतं. पण विनोद फसला, हेही त्याला कळलं नाही. असं का होतं?

पहिलं कारण म्हणजे हसू फसवं असतं. अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी लोकांच्या रोजच्या गप्पांतले हसण्याचे बाराशे प्रसंग टिपले. बहुतेक हसू विनोदावर नव्हे, तर अगदी साध्या वाक्यांनंतर येत होतं आणि ऐकणाऱ्यापेक्षा बोलणाराच जास्त हसत होता. म्हणजे भेटताना आपण हसतो ते बरेचदा ‘आपण एकमेकांचे आहोत’ हे सांगायला. टोमणा बसलेला माणूसही त्यासाठी हसतो.

दुसरं कारण आपल्या हेतूचं. मानसशास्त्रज्ञ जस्टिन क्रुगर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की चिडवणाऱ्याला आपला प्रेमळ हेतू उघड वाटतो, पण समोरच्याला तो तितकासा दिसत नाही. दिसला तरी बोच अपेक्षेइतकी कमी होत नाही. रोज भेटणाऱ्या मित्रांत जुनी ओळख ही उणीव भरून काढते. वीस वर्षांच्या खंडानंतर ती ओळख जुनी झालेली असते.

मग ओळखायचं कसं? मस्करी रुचली असेल, तर हसताना डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडतात आणि बहुधा उलटा टोला येतो: ‘‘तुझं टक्कल बघ आधी!’’ हसू ओठांवरच थांबलं, उत्तर एका शब्दात आलं, माणूस विषय बदलू लागला किंवा निघून गेला, तर शंका घ्यावी. एकट्या खुणेवर मात्र जाऊ नये. काही जण मुळातच अबोल असतात.

अशा वेळी ‘‘अरे, मस्करी केली, मनाला काय लावून घेतोस?’’ हे सर्वांत वाईट उत्तर. त्यानं बोलणारा सुटतो आणि दोष ऐकणाऱ्याच्या माथी जातो. आपल्या मित्रानं पाण्याच्या टेबलापाशी जाऊन एवढंच म्हणायला हवं होतं, ‘‘चुकलं माझं. कसा आहेस?’’ चारचौघांत लांबलचक माफी मागितली, तर त्याला पुन्हा सगळ्यांसमोर उभं केल्यासारखं होतं.

पहिल्याच वाक्यात थट्टा करायचीच असेल, तर दोघांच्या सामाईक आठवणीची करावी: ‘‘आजही उशिरा! अंगठे धरून उभा राहा.’’ वजन, केस, रंग, लग्न, नोकरी यांत गेल्या वीस वर्षांत काय घडलंय, ते दारात उभं राहून दिसत नाही.