चौथा काटा

आपल्या नेहमीच्या घड्याळात एक जुनी उणीव आहे. दिवस चोवीस तासांचा आणि तबकडी बारा तासांची, त्यामुळे तासकाटा रोज दोनदा त्याच वाटेने फिरतो आणि त्याच्याकडे पाहून सकाळ की संध्याकाळ हे कळत नाही. बाहेर ऊन असेल तेव्हा हा प्रश्न कोणाला पडत नाही. पण डिसेंबरात जळगावला सूर्य साधारण सातला उगवतो आणि सहाच्या थोडा आधी मावळतो. सव्वासहा वाजले असता दोन्ही वेळा बाहेर अर्धवट अंधारच असतो. दुपारी जेवून झोपलेला माणूस दचकून उठतो, घड्याळात सव्वासहा पाहतो आणि घाईघाईने दात घासू लागतो, हा विनोद वसतिगृहात राहिलेल्यांना नवीन नाही.

आपल्या पूर्वजांना ही अडचण नव्हती. त्यांचा दिवस सूर्योदयापासून सुरू होई आणि साठ घटिकांनी संपे. घटिका चोवीस मिनिटांची; चाळीसावी घटिका दिवसात एकदाच येई. रेल्वेनेही तोच मार्ग दुसऱ्या रीतीने पत्करला आहे. जळगाव, चाळीसगाव किंवा धुळे, कोणत्याही स्थानकावरचे वेळापत्रक पाहा, गाडी ६.४० ची की १८.४० ची हे तिथे आकड्यातच लिहिलेले असते. मनगटावरचे घड्याळ मात्र बाराच्या फेऱ्यातच राहिले. त्यावर घड्याळवाल्यांनी काढलेले उपाय तीन प्रकारचे आहेत आणि ते एकमेकांपासून ओळखता आले पाहिजेत.

पहिला उपाय नुसता छापील आहे. तबकडीवर १ ते १२ च्या आतल्या बाजूला बारीक किंवा लाल आकड्यांत १३ ते २४ छापलेले असतात. पुष्कळांची समजूत अशी, की हे चोवीस तासांचे घड्याळ. ते तसे नव्हे. काटा सहावर आला की त्याच्याखाली १८ ही दिसतो, एवढेच. दोहोंपैकी कोणता वाचायचा हे आपल्यालाच ठाऊक असावे लागते. वेळापत्रकातले १८ म्हणजे आपले सहा, इतक्या रूपांतराला ते उपयोगी. सकाळ-संध्याकाळ सांगण्याचे काम त्याच्याने होत नाही.

दुसरा उपाय मुळावर घाव घालणारा. तासकाट्याचे चाकच असे करायचे, की काटा दिवसातून एकदाच फेरी करील. ग्लायसिन या स्विस कारखान्याचे १९५३ चे एअरमॅन घड्याळ याच जातीचे. पण आपल्या डोळ्यांची सवय मोडायला लागते. उजवीकडे काटोकाट आडवा काटा दिसला की आपण तीन म्हणतो. इथे ते सहा असतात.

तिसरा उपाय मला सर्वांत समंजस वाटतो, म्हणून त्यावरच जरा थांबतो. बारा तासांची तबकडी तशीच ठेवायची आणि एक जादा काटा बसवायचा, मधोमध किंवा एका कोपऱ्यातल्या छोट्या तबकडीत. आतली युक्ती साधी आहे. तासकाट्याच्या चाकाला दुसरे एक चाक असे जोडतात, की पहिल्याच्या दोन फेऱ्यांत दुसऱ्याची एक व्हावी. रोलेक्सने १९५४ च्या सुमारास वैमानिकांसाठी काढलेल्या जीएमटी-मास्टरमध्ये चौथा काटा असाच तासकाट्याला बांधलेला होता. आज बाजारात मिळणाऱ्या कितीतरी क्वार्ट्झ घड्याळांतली छोटी तबकडीही याच तत्त्वावर चालते. मात्र प्रत्येक छोटी तबकडी चोवीस तासांची नसते. तीवर ६, १२, १८, २४ असे आकडे असतील तर ती आपली. ३० किंवा ६० असतील तर ती स्टॉपवॉचची किंवा सेकंदांची.

वाचण्याची रीत अशी. २४ माथ्यावर आहे ना, हे आधी पाहावे. असल्यास ६ उजवीकडे, १२ तळाला आणि १८ डावीकडे येतात. म्हणजे काटा उजव्या अर्ध्यात असेल तर मध्यरात्र ते मध्यान्ह, डाव्या अर्ध्यात असेल तर मध्यान्ह ते मध्यरात्र. मिनिटे मात्र या काट्यावर वाचू नयेत. दात्यांमध्ये थोडी ढिलाई असतेच, आणि एका तासात हा काटा जेमतेम पंधरा अंश सरकतो. त्याला एवढेच विचारावे, की उजवीकडे की डावीकडे. सकाळचे आठ आणि रात्रीचे आठ या त्याच्या जागा एकमेकींच्या अगदी समोरासमोर येतात, म्हणून चूक नजरेतून सुटत नाही.

एक उदाहरण घेऊ. चार दिवस टेबलाच्या खणात पडून बंद पडलेले, तारीख दाखवणारे घड्याळ आहे. काटे आठ चाळीसवर थांबले आहेत आणि छोटा काटा १८ व २४ यांच्या मध्याच्या किंचित अलीकडे आहे. म्हणजे ते रात्री आठ चाळीसला बंद पडले. आता दुपारचे सव्वाचार वाजले आहेत. चावी ओढून काटे पुढे फिरवीत गेलो तर साडेसात तास ओलांडताच मोठे काटे सव्वाचार दाखवू लागतात आणि उतावळा माणूस तिथेच थांबतो. पण छोटा काटा या वेळी २४ च्या पुढे, उजवीकडे वरच्या बाजूला असतो. ते पहाटेचे सव्वाचार आहेत. असेच सोडले तर काटे बरोबर दिसतील, पण तारीख रोज भर दुपारी बारा वाजता बदलेल. म्हणून आणखी बारा तास फिरवायचे. छोटा काटा १२ आणि १८ यांच्या दरम्यान, डावीकडे खाली आला की ते दुपारचे सव्वाचार. त्यानंतर तारीख लावायची.

तारीख झटकन बदलण्याची सोय असेल तर आणखी एक पथ्य. रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळेत तारखेचे चाक आतून गुंतलेले असते. तेव्हा चावीने तारीख ओढली तर दाता मोडू शकतो. ज्यांच्या घड्याळात चौथा काटा नाही त्यांनी काटे सहाच्या आसपास आणून तारीख लावावी. ज्यांच्यात आहे त्यांना तो काटाच धोक्याची वेळ सांगतो.

आता बिघाड. दुरुस्तीत हा छोटा काटा काढून पुन्हा दाबून बसवावा लागतो आणि कधी तो भलत्याच जागी बसतो. परीक्षा अशी: काटे पुढे फिरवीत तारीख बदलेपर्यंत जावे, ती जवळपास मध्यरात्र. तेव्हा छोटा काटा २४ जवळ हवा. तो १२ वर दिसला तर बरोबर अर्धी फेरी चुकली. मग मोठे काटे ठीक सहावर आणावेत. छोटा काटा नेमका ६ किंवा १८ वर येत नसेल, साडेसातवर वगैरे असेल, तर तो वाकडा बसला आहे. दोन्ही दोष घड्याळजीकडचे, चावीने सुटणारे नव्हेत. तारखेचा बदल मात्र काही घड्याळांत दहा-अकरापासूनच हळूहळू सुरू होतो, तेवढी सवलत द्यावी.

एक मर्यादा सांगायलाच हवी. काही महागड्या घड्याळांत चौथा काटा स्वतंत्रपणे फिरवता येतो. तो परगावच्या नव्हे, परदेशच्या वेळेला लावलेला असला तर इथली सकाळ-संध्याकाळ तो सांगणार नाही. लंडनला नातेवाईक असलेल्यांची इथे आणखी एक पंचाईत होते. तिकडच्या हिवाळ्यात आपली वेळ साडेपाच तासांनी पुढे असते, उन्हाळ्यात साडेचारने. काटा पूर्ण तासाच्या उड्या घेतो आणि मिनिटकाटा दोघांना मिळून एकच. त्यामुळे तो अर्धा तास शेवटी आपल्यालाच मनात मिळवावा किंवा वजा करावा लागतो.