पंखांतला व्होल्ट आणि न हलणारा काटा

बारावीच्या भौतिकशास्त्रात विमानाचं एक गणित हमखास भेटतं. विमानाच्या एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी, वेग आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा उभा घटक यांचा गुणाकार केला की पंखांत निर्माण होणारा ईएमएफ मिळतो. बोईंग 777-300ER चा पंखविस्तार सुमारे 65 मीटर. ते सेकंदाला 250 मीटर वेगाने उडतंय आणि मुंबईच्या आसपास क्षेत्राचा उभा घटक साधारण 20 मायक्रोटेस्ला आहे, असं धरलं तर उत्तर येतं जवळजवळ 0.33 व्होल्ट. लंडनजवळ हा घटक दुपटीहून जास्त असल्याने तिथे पाऊण व्होल्टच्या घरात जातं.

हे उत्तर बरोबर आहे. पंखाच्या धातूतले इलेक्ट्रॉन विमानाबरोबर धावतात, त्यामुळे चुंबकीय बल त्यांना बाजूला ढकलतं. उत्तर गोलार्धात विमान कुठल्याही दिशेला जात असो, इलेक्ट्रॉन उजव्या टोकाकडे सरकतात आणि डावं टोक धन होतं. साचलेल्या प्रभाराचं विद्युतक्षेत्र चुंबकीय बलाला तोलून धरेपर्यंतच हे सरकणं चालतं, आणि तो तोल क्षणार्धात साधतो.

मग केबिनमध्ये व्होल्टमीटर ठेवून त्याच्या दोन तारा पंखांच्या टोकांना जोडल्या तर? काटा शून्यावरच राहील. त्या ताराही विमानाबरोबर त्याच वेगाने, त्याच क्षेत्रातून चालल्या आहेत, त्यामुळे त्यांच्यातही तेवढाच ईएमएफ निर्माण होतो. पंख आणि तारा मिळून झालेल्या वेटोळ्यात हे दोन जोर समोरासमोर येऊन एकमेकांना रद्द करतात. तार पोटाखालून नेली, वळवून लांब केली, तरी फरक पडत नाही. वेटोळं आकार न बदलता सरळ जात असेल आणि क्षेत्र सगळीकडे सारखं असेल, तर त्यातून जाणारा चुंबकीय प्रवाह बदलत नाही. तो बदलल्याशिवाय मीटरमधून वीज वाहणार नाही. विमान कलून वळण घेईल तेव्हा वेटोळ्याचा क्षेत्राशी असलेला कोन बदलतो आणि काटा किंचित हलू शकतो. पण ते कलण्याचं मोजमाप झालं, पुढे जाण्याच्या वेगाचं नव्हे.

पंखांतला ईएमएफ मीटरवर दिसायचा तर परतीची तार जमिनीवर स्थिर हवी आणि तिचा उडत्या पंखांना स्पर्श हवा. विमानाच्या बाबतीत ते अशक्य. नदीच्या बाबतीत मात्र जमतं, कारण तिथे पाणी वाहतं आणि तार पुलावर स्थिर राहते. मायकेल फॅरडेने जानेवारी 1832 मध्ये लंडनच्या वॉटर्लू पुलाच्या कठड्यावरून तांब्याची 960 फूट तार टाकली आणि तिच्या दोन्ही टोकांच्या तांब्याच्या पट्ट्या थेम्समध्ये सोडल्या. त्याच्या गॅल्व्हॅनोमीटरचा काटा हलला, पण अनियमितपणे. दोन ठिकाणच्या पाण्यातल्या फरकामुळेही पट्ट्यांमध्ये वीज निर्माण होते, आणि हवा असलेला परिणाम त्यातून वेगळा काढता येईना. म्हणून फॅरडेने तो प्रयोग यशस्वी मानला नाही.