संकटकाळी वाचावयाचा फलक

सात मजली इमारतीच्या तळमजल्यावर, लिफ्टच्या दाराशेजारी, काचेच्या चौकटीत जी सूचना लावलेली असते, तिचा आरंभ बहुधा अशा वाक्याने होतो : ‘सर्व सदनिकाधारक, भाडेकरू व अभ्यागत यांस याद्वारे सूचित करण्यात येते की, इमारतीमध्ये आग अथवा तत्सम आपत्ती उद्भवल्यास कोणीही घाबरून न जाता व गोंधळ न करता नजीकच्या जिन्याचा अवलंब करावा, तसेच सदर प्रसंगी उद्वाहनाचा वापर करू नये.’ व्याकरणदृष्ट्या हे वाक्य निर्दोष आहे, आणि संस्थेच्या दप्तरात ते शोभूनही दिसेल. परंतु ज्या प्रसंगासाठी ते लिहिले, त्या प्रसंगी ते निरुपयोगी ठरते, आणि त्याचे कारण आपल्या वाचनाच्या क्रियेतच दडलेले आहे.

वाचताना डोळा ओळीवरून अखंड सरकत नाही. तो लहान लहान उड्या घेतो, आणि दोन उड्यांच्या मधल्या, सुमारे पाव सेकंदाच्या विश्रांतीतच अक्षरे टिपतो. मिनिटाला दोनशे शब्द हा सामान्य वेग धरला, तर दीडशे शब्दांचा फलक वाचण्यास पाऊण मिनिट लागेल, आणि तेही स्वस्थचित्ताने, पुरेशा उजेडात. धुराचा वास आल्यावर घराबाहेर धावलेला मनुष्य फलकाकडे एकदोन कटाक्षांपलीकडे पाहत नाही. त्यातच मराठी वाक्यरचनेत क्रियापद अखेरीस येते, आणि नकार तर क्रियापदाच्याही शेवटी असतो. ‘उद्वाहनाचा वापर करू’ येथवर वाचून नजर हटली, तर ‘नये’ हे सर्वांत महत्त्वाचे अक्षरद्वय वाचावयाचे राहून जाते आणि उरलेला मजकूर नेमका विपरीत अर्थाकडे झुकतो. लिफ्टचा मार्ग हा धुराचे धुराडे बनतो, वीज गेली की डबा दोन मजल्यांच्या मध्ये अडकतो, आणि कधी कधी तो पेटलेल्या मजल्यावरच जाऊन दार उघडतो. अशा यंत्राविषयीची मनाई वाक्याच्या शेपटाला बांधणे योग्य नव्हे.

आपत्तीत माणसे बेभान होऊन धावत सुटतात, हा समज फार रूढ आहे, पण प्रत्यक्षात ती बहुधा रेंगाळतात. गिलेन प्रूल्क्स आणि जॉनथन साइम या संशोधकांनी इंग्लंडातील न्यूकॅसल शहरी भुयारी रेल्वेच्या मॉन्युमेंट स्थानकावर केलेले प्रयोग 1991 साली प्रसिद्ध झाले. स्थानक रिकामे करण्यासाठी नुसती घंटा वाजवली, तेव्हा प्रवासी जागीच थांबून राहिले. परंतु काय घडले आहे आणि कोणत्या वाटेने जावयाचे आहे, हे ध्वनिक्षेपकावरून स्पष्ट सांगितले, तेव्हा ते त्वरेने निघाले. म्हणून ‘घाबरू नका’ हे शब्द फलकावरून प्रथम काढून टाकावेत असे मला वाटते. भीती आज्ञेने जात नाही; पुढचे पाऊल ठाऊक झाले की ती पुष्कळशी आटोक्यात येते, आणि ते पाऊल सांगण्यासाठी लागणारी जागा या दोन शब्दांनी अडवलेली असते.

आता वरील इमारतीचा फलक आपण प्रत्यक्ष छाटून पाहू. या इमारतीत एक लिफ्ट आणि एकच जिना आहे, असे धरू. तिच्या जुन्या मजकुरात अग्निशामक नळकांडे कसे चालवावे याची कृती, वार्षिक सरावाची तजवीज, पदाधिकाऱ्यांची नावे, जिन्यात सामान ठेवणाऱ्यास दंडाची ताकीद आणि धोक्याच्या घंटेची काच फोडण्याची सूचना, असे सर्व एकत्र कोंबलेले आहे. यांपैकी काहीही निरर्थक नाही; केवळ प्रत्येकाचा वाचक आणि वाचण्याची जागा वेगळी आहे. सराव, दंड आणि पदाधिकारी हा शांततेच्या काळातील मजकूर असल्याने त्याची जागा सूचनाफळ्यावर आहे. काच फोडण्याची सूचना घंटेच्या पेटीलाच चिकटवावी, नळकांड्याची कृती नळकांड्यापाशी, आणि लिफ्टची मनाई प्रत्येक मजल्यावर लिफ्टच्या बटणालगत, जेथे बोट जाणार तेथेच, लावावी. इतकी वाटणी केल्यावर मजल्यावरील फलकासाठी एवढाच मजकूर उरतो :

आग लागली तर
जिन्याने खाली उतरा
लिफ्ट नको
जिन्यात धूर असेल तर घरात परता, दार बंद करा
फोन 101

येथे ओळींचा क्रम कृतीच्या क्रमाने लावला आहे, आणि काय टाळावे याच्या आधी काय करावे हे सांगितले आहे. ‘उद्वाहन’ जाऊन ‘लिफ्ट’ आले, कारण त्या इमारतीत राहणारे लहानथोर तोच शब्द उच्चारतात; आणि ‘नको’ आपल्या नामाला इतके लगटून बसले आहे की दोन्ही शब्द एकाच दृष्टिक्षेपात मावतात. फोनची ओळ शेवटी ठेवण्यातही हेतू आहे : जो खाली सुखरूप पोहोचला तो अंगणातून फोन करील, आणि ज्याला परत फिरावे लागले तो बंद दाराआडून करील, म्हणून ती दोघांसही लागू पडते.

चौथी ओळ मात्र लांब आहे, आणि ती तशीच राहिली पाहिजे. संक्षेपाच्या उत्साहात हीच ओळ प्रथम कापली जाते, कारण ती एकटीच ‘जर-तर’ची भाषा बोलते. पण धुराने भरलेल्या एकुलत्या एका जिन्यात उतरणारा मनुष्य काही मजल्यांतच गुदमरून पडू शकतो. उलट बंद दार, त्याच्या फटीत दाबलेले ओले फडके आणि रस्त्याकडील खिडकी, यांच्या आधाराने अग्निशमन दल येईपर्यंत तग धरता येतो. फडके आणि खिडकी फलकावर येऊ शकत नाहीत, ती सरावात शिकवावयाची. दाराचा उल्लेख मात्र फलकावर हवाच. याहून उंच इमारतीत, जेथे ‘रेफ्यूज एरिया’ म्हणून मोकळा टप्पा राखलेला असतो, तेथे त्याचा मजला सांगणारी आणखी एक ओळ वाढवावी लागेल.

अक्षरांच्या आकाराचा ढोबळ अडाखा असा की, ज्या अंतरावरून वाचावयाचे त्याच्या दोनशेव्या भागाइतकी अक्षराची उंची असावी. तीन मीटरवरून वाचावयाचे तर पंधरा मिलिमीटर. देवनागरीत हे माप शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत घ्यावे, वेलांट्या व उकार त्यात मोजू नयेत, आणि त्यांच्यासाठी दोन ओळींत सढळ अंतर सोडावे, अन्यथा वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत जाऊन अडकतो. सुटकेच्या मार्गासाठी हिरव्यावर पांढरे आणि अग्निशमन साधनांसाठी लाल, हा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. छपाईवाल्याच्या आवडीने तो बदलू नये. चकचकीत प्लॅस्टिकचे आवरणही टाळावे, कारण दिव्याच्या परावर्तनाने मधलीच ओळ दिसेनाशी होते.

मसुदा सिद्ध झाल्यावर त्याची परीक्षा सचिवांनी करून उपयोगी नाही, कारण त्यांना मजकूर पाठ असतो. तो रखवालदाराला, घरकामास येणाऱ्या मावशींना, पाचवीतल्या मुलाला आणि चष्मा विसरून आलेल्या आजोबांना पाच सेकंद दाखवावा, झाकावा, आणि ‘काय वाचलेत’ असे न विचारता ‘आता तुम्ही काय कराल’ असे विचारावे. ‘लिफ्टबद्दल काहीतरी होते’ असे उत्तर आले, तर ती ओळ पुन्हा लिहावयाची.

आणखी एक दोष कागदावर दिसत नाही, तो मजल्यावर जाऊनच सापडतो. एकच नमुना छापून बोळाच्या दोन्ही भिंतींवर लावला, तर ‘जिना’ दाखविणारा बाण एका भिंतीवर बरोबर आणि समोरच्या भिंतीवर उलटा ठरतो; म्हणून बाण मजकुरासोबत छापून घेऊ नये, फलक जागेवर बसल्यावर निराळा चिकटवावा. महाराष्ट्राच्या 2006 सालच्या आग प्रतिबंधक अधिनियमानुसार इमारतीतील अग्निसुरक्षा व्यवस्था सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते. त्या तपासणीसाठी परवानाधारक संस्थेचा मनुष्य येईल, तेव्हा त्याला सोबत घेऊन प्रत्येक मजल्यावरच्या बाणाच्या दिशेने चालून पाहावे, आणि वाटेत कोणाची सायकल किंवा चपलांचे कपाट आडवे येते काय, तेही त्याच फेरीत टिपून घ्यावे.