झाकलेल्या ओळी बेरजेतून का जात नाहीत?

समजा, चोवीस फ्लॅटांची एक सोसायटी आहे. मेंटेनन्सच्या थकबाकीची यादी खजिनदारांनी एक्सेलमध्ये केली आहे. A कॉलममध्ये विंग, B मध्ये फ्लॅट नंबर आणि C मध्ये बाकी रक्कम. पहिल्या ओळीत मथळे, दोन ते पंचवीस या ओळींत नोंदी, मग एक ओळ रिकामी सोडून C27 मध्ये बेरीज:

```
=SUM(C2:C25)
```

उत्तर येतं 86,400. सभेत कुणीतरी विचारतं, ‘यातले बी विंगचे किती?’ खजिनदार फिल्टर लावतात, पडद्यावर बी विंगचे आठच फ्लॅट उरतात, आणि ते खाली बघून सांगतात, ‘छ्याऐंशी हजार चारशे.’ आठ फ्लॅटांकडे एवढी बाकी? बी विंगवाले खवळतात, आणि त्यांचं बरोबर असतं. त्यांची खरी बाकी आहे 31,200.

एक्सेल इथे चुकलेलं नाही. SUM ला आपण पत्ता दिला होता C2 ते C25 असा. त्या पत्त्यावर जे आकडे आहेत ते सगळे मिळवायचे, एवढंच त्याला ठाऊक. फिल्टरने ओळ पुसली जात नाही, ती फक्त नजरेआड होते. आकडा आपल्या सेलमध्ये जागच्या जागी असतो. आणि हे सोयीचंही आहे. छपाईसाठी कुणी चार ओळी झाकल्या म्हणून सोसायटीची एकूण बाकी कमी झाली, असं कसं चालेल?

पण दिसतंय तेवढ्याचीच बेरीज हवी असेल, तर त्यासाठी SUBTOTAL हे वेगळं सूत्र आहे:

```
=SUBTOTAL(9,C2:C25)
```

यातला 9 म्हणजे ‘बेरीज कर’ असा सांकेतिक आकडा. 1 लिहिला तर सरासरी मिळते आणि 3 लिहिला तर भरलेल्या सेलची संख्या. आता बी विंगचा फिल्टर लावताच उत्तर 31,200 होतं, सी विंगचा लावला की 26,800, आणि फिल्टर काढला की पुन्हा 86,400.

इथे एक बारकावा भल्याभल्यांना चकवतो. समजा फिल्टर लावलेलाच नाही. दोन फ्लॅटांचे मिळून 9,000 रुपयांचे चेक बँकेत वटायचे आहेत, म्हणून खजिनदारांनी त्या दोन ओळी निवडून, राइट क्लिक करून, Hide म्हटलं. तरी उत्तर 86,400 च राहतं. कारण 9 हा आकडा फिल्टरने गेलेल्या ओळी सोडतो, हाताने झाकलेल्या मात्र मोजतो. त्याही सोडायच्या असतील तर 9 च्या जागी 109 लिहायचं:

```
=SUBTOTAL(109,C2:C25)
```

आता उत्तर 77,400. मात्र हा हिशेब ओळींपुरताच आहे. आडव्या बेरजेत एखादा कॉलम झाकला, तर 109 लिहूनही तो मोजला जातो.

SUBTOTAL चा आणखी एक गुण नावातच आहे. प्रत्येक विंगच्या नोंदींखाली तिची पोटबेरीज आणि शेवटी एकूण बेरीज, अशी मांडणी SUM ने केली आणि शेवटच्या सूत्रात पूर्ण कॉलम घेतला, तर पोटबेरजाही मिळवल्या जातात आणि 86,400 चे 1,72,800 होतात. सगळीकडे SUBTOTAL वापरलं, तर एकूण बेरीज मधल्या SUBTOTAL च्या सेल ओलांडून जाते आणि आकडा दुप्पट होत नाही.

मग SUM सोडूनच द्यावं का? नाही. SUBTOTAL चं उत्तर समोर कोणता फिल्टर आहे त्यावर बदलतं. अहवालात ‘बी विंगची बाकी’ असं लिहून शेजारी SUBTOTAL ठेवलं आणि पुढच्या माणसाने सी विंगचा फिल्टर लावला, तर नाव बी चं आणि आकडा सी चा. ठरलेल्या गटाची कायमची बेरीज हवी असेल तर अट सूत्रातच घालावी:

```
=SUMIF(A2:A25,"B",C2:C25)
```

फिल्टर कोणताही असो, याचं उत्तर 31,200 च येतं.

दुसऱ्याने पाठवलेली यादी उघडली की आधी डावीकडचे ओळींचे नंबर बघा. 4 नंतर एकदम 11 आला, तर मधल्या ओळी झाकलेल्या आहेत. फिल्टर असेल तर एक्सेलमध्ये ते नंबर निळे दिसतात. मग बेरजेच्या सेलवर क्लिक करून वरच्या पट्टीत सूत्र वाचा. SUM असेल तर आकडा पूर्ण यादीचा आहे, SUBTOTAL असेल तर त्या क्षणी लावलेल्या फिल्टरचा. हे बघितल्याशिवाय सभेत आकडा वाचू नये.