बिडी आणि थंड पडलेली बोटं

वय पस्तीस, रोज दोन बंडलं बिडी, आणि पायाच्या बोटांत रात्री झोपू न देणारी कळ. शेणव्याच्या आसपासच्या पाड्यांवर, वीटभट्टीवर असा तरुण भेटला की लोक आधी म्हणतात, वात असेल, चिखलात उभा राहिलास म्हणून असेल. लावणीच्या दिवसांत हे खरंही वाटतं. पण चिखलाने दोन्ही पाय गार पडले तर ते शेकोटीजवळ बसल्यावर गरम होतात. या आजारातलं बोट गार ते गारच राहतं.

आजाराचं नाव बर्जरचा आजार. लिओ बर्जर या डॉक्टरांनी १९०८ साली न्यूयॉर्कमध्ये कापलेले पाय तपासून त्याचं वर्णन केलं. हा चरबी साचून होणारा, म्हाताऱ्यांचा आजार नव्हे. तंबाखूमुळे हातापायांच्या बारीक आणि मध्यम रक्तवाहिन्यांना आतून सूज येते, त्या सुजेत रक्ताची गुठळी अडकते आणि वाट बंद होते. टोकाची बोटं सर्वांत लांब, म्हणून उपासमार आधी त्यांची.

नेहमी दिसणारा क्रम सांगते. आधी चालताना तळपायाच्या कमानीत गोळा येतो, थांबलं की जातो. मग अंगठा पांढरा, निळसर दिसू लागतो. काहींना पोटरीवर किंवा पावलावर लाल, दुखरी दोरीसारखी शीर उठते, ती बरी होते आणि दुसरीकडे पुन्हा उठते. पुढे बसल्या जागीच कळ येते. माणूस रात्री खाटेवरून पाय खाली सोडून बसतो, कारण पाय खाली लोंबला की थोडं रक्त उतरतं आणि कळ कमी होते. ही खूण घरच्यांनी लक्षात ठेवावी. शेवटी नखाच्या कडेला जखम होते, ती भरत नाही आणि बोट काळं पडतं.

कुष्ठरोगाची शंका घेऊन काही जण लपून बसतात. कुष्ठरोगात भाग बधिर होतो. इथे उलट, जखमेला चादर लागली तरी सहन होत नाही. साखर मात्र तपासून घ्यावीच, कारण मधुमेहातही बोट काळं पडतं.

घरी एवढं पाहता येतं: माणसाला झोपवून पाय वर धरा. एक-दोन मिनिटांत पाऊल पांढरंफटक पडलं आणि खाली सोडल्यावर लालभडक झालं, तर रक्त कमी पोचतंय. मग आरोग्य केंद्रात पावलावरची आणि आतल्या घोट्यामागची नाडी तपासून घ्या. पावलावरची नाडी काही निरोगी माणसांतही लागत नाही, म्हणून दोन्ही बघायच्या. पुढची डॉप्लर तपासणी मोठ्या रुग्णालयात होते. गरम पाण्याने किंवा विटेने शेकू नका. रक्त नसलेली कातडी लगेच भाजते आणि तीच जखम होते.

आता मुख्य गोष्ट. गोळ्या कळ कमी करतात, काहींना शस्त्रक्रियेचा थोडा उपयोग होतो. पण दुसरी नस जोडण्याची शस्त्रक्रिया इथे क्वचितच जमते, कारण पुढे जोडायला चांगली वाहिनीच उरलेली नसते. आजार थांबवतं ते फक्त तंबाखू सोडणं. अमेरिकेतील क्लीव्हलंड क्लिनिकने १९९० साली आपल्या रुग्णांचा हिशेब मांडला. तंबाखू सोडलेल्यांपैकी शंभरात पाचेक जणांचं बोट किंवा पाय कापावा लागला, ओढत राहिलेल्यांपैकी शंभरात चाळीसहून अधिक जणांचा. बंद पडलेली वाट पुन्हा उघडत नाही, पण आजूबाजूला बारीक नव्या वाटा फुटतात आणि त्यांच्यावर पाय जगतो. बिडी चालू असेल तर त्याही बंद होत जातात.

‘कमी केली आहे, दिवसाला दोनच’ हे इथे चालत नाही. एक-दोन बिड्याही आजार जागा ठेवतात. बिडी सोडून मशेरी, गायछाप किंवा गुटखा धरला तरी निकोटीन पोटात जातंच. म्हणून निकोटीनची पट्टी किंवा च्युइंगगमही या रुग्णांना शक्यतो देत नाहीत. निकोटीन नसलेल्या गोळ्या मिळतात, त्या डॉक्टरांना विचारून घ्याव्यात.

कळ आली की माणूस बिडी पेटवतो, जीवाला बरं वाटतं, आणि तीच बिडी वाहिनी आणखी आवळते. घरच्यांना हे चक्र दिसतं, म्हणून ते शिव्या देतात. त्याऐवजी कळीची गोळी वेळेवर द्या, घरातली बंडलं बाहेर काढा, बाकीच्यांनीही घरात ओढू नये. सोडल्यावर पहिले तीन-चार दिवस सर्वांत वाईट, चिडचिड दोन-तीन आठवडे राहते. १८००-११-२३५६ हा सरकारी फुकट क्रमांक आहे, तिथे तंबाखू सोडायला मदत मिळते. विहारात पाचवं शील घेताना आपण दारूचं नाव घेतो. बिडीचं नावही घ्यावं, असं मला वाटतं.

नवी जखम, वाढता काळेपणा किंवा पू दिसला तर वाट न बघता त्याच दिवशी शहापूरच्या रुग्णालयात जा. तोपर्यंत पाय कोरडा ठेवा, अनवाणी फिरू नका, आणि नख घरी ब्लेडने काढू नका.