दोनशे ठिपक्यांचा लोगो

दुकानदार व्हॉट्सॲपवर आलेला लोगो फ्लेक्सवाल्याला देतो आणि म्हणतो, ‘हाच दहा फुटांवर टाका.’ पीएनजी फाइल जेमतेम २०० पिक्सेल रुंद असते. दहा फूट म्हणजे सुमारे ३०४८ मिलिमीटर. त्यात दोनशे ठिपके पसरले की एकेक ठिपका पंधरा मिलिमीटरचा होतो. अक्षराची गोल कड जिन्यासारखी दिसते. सॉफ्टवेअर मधले रंग अंदाजाने भरून त्या पायऱ्या पुसतं, पण मग कड धूसर होते. जो तपशील फाइलमध्ये नाहीच, तो येणार कुठून?

व्हेक्टरमध्ये ठिपके नसतात. रेषा कुठून कुठे, किती वळून जाते याचं गणित असतं. म्हणून ती कितीही मोठी करा, कड स्वच्छच राहते.

तेव्हा आधी मूळ डिझायनरकडे सीडीआर, एआय किंवा एसव्हीजी फाइल मागावी. ती नसेल आणि फलक, भरतकाम किंवा कटिंग करायचं असेल, तर लोगो नव्याने काढावा. कोरलड्रॉमध्ये पीएनजी खाली लॉक करून त्यावर मोजक्या नोड्सनी वळणं काढतात. ऑटो-ट्रेस एवढ्या लहान चित्रातल्या पायऱ्याच गिरवतो. पीएनजी पीडीएफमध्ये घालूनही व्हेक्टर होत नाही. झूम करताच ठिपके उघडे पडतात.